चावी आणि अनामत

भाड्याचं घर सोडण्याच्या दिवशी दोन कामं एकमेकांत गुंतलेली असतात. सामान बांधायचं असतं आणि मालकाशी हिशेब मिटवायचा असतो. बहुतेक मुलांचा सगळा दिवस सामानात जातो आणि हिशेब जिन्यात उभ्याउभ्या उरकला जातो, तोही खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना. अनामत रक्कम अडकते ती अशाच घाईत.

माझ्या भाच्याने कोथरूडचा फ्लॅट सोडला त्या दिवशी मी त्याच्या मदतीला गेले होते. नोकरी बदलून तो नागपूरला निघाला होता. घराचं भाडं अठरा हजार, अनामत तीन महिन्यांची, म्हणजे ५४,००० रुपये. करार महिनाअखेरीस संपत होता आणि घर सोडत असल्याची सूचना त्याने महिनाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर व ई-मेलवर दिलेली होती. गॅसचं काम त्याने आठवडाभर आधीच उरकलं होतं. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा केल्यावर डिपॉझिट परत मिळतं आणि सोबत टर्मिनेशन व्हाउचर मिळतं. तेच व्हाउचर दाखवून दुसऱ्या शहरात कनेक्शन घेता येतं.

दुपारी एकच्या आत घर पूर्ण रिकामं करायचं, असं त्याने ठरवलं होतं. रिकामं घर उजेडात पाहिलं तरच भिंत, फरशी, नळ नीट दिसतात. संध्याकाळी, अर्धं सामान तिथेच असताना घर दाखवलं, तर चार दिवसांनी मालकाचा फोन येतो की अमुक तुटलेलं सापडलं. ते कोणी तोडलं हे मग कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून फ्रिज आदल्या रात्रीच रिकामा करून बंद केला होता. बर्फ वितळून, आतून पुसून तो सकाळपर्यंत कोरडा झाला. पुस्तकं लहान खोक्यांत भरली, कारण पुस्तकांचं मोठं खोकं उचलताना तळातून फाटतं. ताटल्या एकीवर एक न रचता कागदात गुंडाळून उभ्या लावल्या. पलंग उघडल्यावर त्याचे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच फळीला चिकटवली. अडलो ते वॉशिंग मशीनपाशी. समोरून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो, आणि प्रवासात तो हलून आदळू नये म्हणून मागच्या बाजूने लांब बोल्ट लावावे लागतात. नव्या मशीनमध्ये ते बसवलेलेच येतात आणि जोडणी करणारा माणूस काढून हातात देतो. बरेचजण ते टाकून देतात. याने ते बिलाच्या पाकिटात जपून ठेवले होते. बोल्ट बसले आणि मशीन छोट्या हत्तीत चढलं.

सव्वा वाजता मालक आले. निवृत्त गृहस्थ, स्वभावाने सरळ, पण घराला जपणारे. हॉलच्या भिंतीकडे पाहून ते म्हणाले, "अरे, रंग पार गेलाय. नऊ हजार तरी रंगाला लागतील."

"काका, मी आलो तेव्हाही हाच रंग होता," असं म्हणून भाच्याने मोबाइल पुढे केला. राहायला आला त्या दिवशी त्याने प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून काकांनाच पाठवला होता. तारखेसकट तो दोघांच्या फोनमध्ये होता.

घर सोडताना होणारे बहुतेक वाद या एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं? तीन वर्षांत रंग फिका पडणं, पलंगाच्या पायांखाली फरशीवर पुसट खुणा उमटणं, नळाचा वायसर जाणं ही वापरातली झीज. बेसिनला तडा जाणं, भिंतीला भोकं पाडणं, दाराचं कुलूप मोडणं हे नुकसान. झिजेचा खर्च मालकाचा, नुकसानीचा भाडेकरूचा, हा रिवाज आहे आणि बऱ्याच करारांत तसं लिहिलेलंही असतं. काही करारांत मात्र घर सोडताना रंगाचा खर्च भाडेकरू देईल असं स्पष्ट कलम असतं. तसं कलम मान्य करून सही केली असेल, तर तो खर्च द्यावा लागतो. भाच्याच्या करारात ते नव्हतं. काकांनी करार पुन्हा वाचला आणि रंगाची मागणी सोडली.

पण बेसिनचा तडा याच्या हातून गेला होता. त्याने तो आपणहून दाखवला. प्लंबरला फोन लावला, २,२०० रुपये सांगितले. बेडरूममध्ये शेल्फसाठी पाडलेली भोकं बुजवून तेवढ्या भागाला रंग मारायचे १,५०० ठरले. मग दोघे खाली मीटरपाशी गेले. शेवटच्या बिलावरचा आकडा ४८१२, मीटरवर ४८९०, म्हणजे ७८ युनिट. मागच्या बिलाच्या अंदाजाने त्याचे ९०० रुपये धरले आणि मीटरचा फोटो दोघांनीही काढून ठेवला. एकूण वजावट ४,६०० रुपये, परत द्यायचे ४९,४००. हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी खाली सह्या केल्या.

यानंतरच चाव्यांचा विषय निघाला. काकांनी तिथेच मोबाइलवरून पैसे पाठवले, खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला आणि भाच्याने तिन्ही चाव्या हातात दिल्या. "घराचा ताबा आणि तीन चाव्या मिळाल्या, अनामतीचा हिशेब पूर्ण," एवढंच वाक्य तारीख व वेळ घालून त्याच कागदावर काकांनी लिहिलं.

सगळेच मालक असे नसतात. पैसे मिळेपर्यंत चावी देणार नाही, असं मुलं मग हट्टाने ठरवतात. त्यात धोका आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर त्या काळासाठी दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. अनामत अडकवून घर धरून बसलं, तर खड्डा आपल्याच बाजूने खोल होत जातो. त्यापेक्षा मुदतीच्या दिवशी घर रिकामं करून चावी द्यावी, ताबा दिल्याची पोच लेखी घ्यावी आणि अनामतीची अमुक रक्कम येणं बाकी आहे हे त्यातच लिहून घ्यावं. मालक सही करायला तयार नसेल, तर हाच मजकूर फोटोंसह त्याला त्याच वेळी मेसेजने पाठवावा. पुढे वकिलाची नोटीस द्यायची वेळ आली, तर हीच कागदपत्रं कामाला येतात.

नोंदणीकृत करारही इथेच उपयोगी पडतो. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारालाही यातून सूट नाही. अनामत किती, सूचना किती दिवसांची, रंगाचं काय, हे नोंदवलेल्या करारात असेल तर शेवटच्या दिवशी कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

भाच्याला त्या दुपारी त्याचे पैसे मिळाले, त्यामागे तीन वर्षांपूर्वीचा तो व्हिडिओ होता. ज्यांची मुलं या जूनमध्ये शिकायला किंवा नोकरीला शहरात जाणार आहेत, त्यांनी त्यांना एवढं सांगावं: सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, आधीच असलेले तडे आणि डाग जवळून टिपा, मीटरचा आकडा घ्या आणि ते सगळं त्याच दिवशी मालकाला पाठवा. दहा मिनिटांचं काम आहे. घर सोडायच्या दिवशी मात्र ते करता येत नाही.