पश्चिमेची भिंत कशाची बांधावी?

छत्रपती संभाजीनगरचा अक्षांश साधारण १९.९ अंश आहे. त्यामुळे १९ मेच्या सुमारास सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ ऊन पडत नाही, सगळा मार पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना आणि वरच्या स्लॅबला बसतो. त्यातही पश्चिमेची भिंत वाईट, कारण हवा सर्वांत तापलेली असते त्याच वेळी तिच्यावर तिरपं ऊन थेट येतं. सातारा परिसरात किंवा बीड बायपासला घर बांधणारे लाल वीट, राखेची वीट आणि एएसी ब्लॉक यांचे भाव विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न भावाचा नसून, कोणती भिंत कोणत्या दिशेला आहे हा असायला हवा.

बारा फूट लांब, दहा फूट उंच अशी बेडरूमची एक पश्चिम भिंत घेऊ. दोन्ही बाजूंनी प्लास्टर आहे आणि भिंतीच्या बाहेरच्या-आतल्या तापमानात सरासरी दहा अंशांचा फरक आहे. नऊ इंची लाल विटेच्या भिंतीतून सुमारे २१५ वॉट उष्णता आत येते, म्हणजे शांत बसलेल्या दोन माणसांच्या अंगातून निघते जवळपास तेवढी. तेवढ्याच जाडीच्या राखेच्या विटेतून २३०च्या आसपास येते. आठ इंची एएसी ब्लॉकमधून मात्र जेमतेम ८५.

राखेची वीट घर थंड ठेवते असं दुकानात सांगितलं जातं, ते खरं नाही. परळीसारख्या औष्णिक केंद्राची राख, चुना किंवा सिमेंट आणि कच यांना यंत्रात दाबून ती वीट तयार होते. ती घट्ट असते, म्हणून उष्णता लाल विटेइतकीच, किंबहुना किंचित जास्तच वाहून नेते. तिचे गुण वेगळे आहेत: आकार एकसारखा, त्यामुळे प्लास्टर कमी लागतं, आणि शेताची माती वाचते. घेताना एवढंच पाहावं की दाबल्यावर तिला दोन-तीन आठवडे पाणी मिळालं आहे का. खिळ्याने कोपरा खरवडल्यावर पीठ गळू लागलं, तर ती कच्ची आहे.

लाल विटेची खरी अडचण रात्री कळते. नऊ इंची भिंतीतून उष्णतेची लाट पार व्हायला सात-आठ तास लागतात. दुपारी चारला तापलेली पश्चिम भिंत रात्री अकरा-बाराच्या सुमारास आतून सर्वांत गरम असते. बाहेर हवा थंड झालेली असताना आपण भट्टीशेजारी झोपतो. एएसी ब्लॉकमध्येही उशीर जवळपास तेवढाच होतो, पण त्याच्या असंख्य सूक्ष्म हवेच्या पोकळ्यांमुळे पोहोचणारी उष्णताच फार थोडी असते. वजनही कमी: वरची विटेची भिंत प्लास्टर वगळून पावणेपाच टनांच्या घरात जाते, ब्लॉकची दीड टनाच्या. पिलर-बीमच्या घरात तेवढा भार कमी होतो. पिलर नसलेल्या, भिंतींवरच स्लॅब तोललेल्या घरात मात्र इंजिनिअरच्या हिशेबाशिवाय ब्लॉक वापरू नये.

मग भेगांची तक्रार का होते? कारण बहुतेक वेळा बांधकामात असतं. ब्लॉक कारखान्यात वाफेच्या दाबाखाली पक्का होतो आणि बाहेर पडताना त्यात बरंच पाणी असतं. वाळताना तो आकसतो. भारतीय मानकात पहिल्या प्रतीच्या ब्लॉकला ०.०५ टक्के आकसण्याची मुभा आहे, म्हणजे तीन मीटर भिंतीत दीड मिलिमीटर. ताजा, ओला ब्लॉक लावून लगेच प्लास्टर केलं, तर ते दीड मिलिमीटर भेगांमधून बाहेर येतं. गवंडी लाल विटेच्या सवयीने ब्लॉक पाण्यात बुडवतो, तेव्हा नुकसान वाढतं. ब्लॉकवर फक्त पाणी शिंपडायचं आणि तीन मिलिमीटरच्या थरात तयार चिकट मसाला लावायचा. वरच्या बीमखाली बोटभर फट सोडून ती काही दिवसांनी भरायची. पिलर आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी ठोकल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नये. जोत्यालगतचे थर आणि बाथरूमच्या भिंती विटेच्याच ठेवाव्यात, कारण ओला झालेला ब्लॉक उष्णता अडवायचं विसरतो.

सगळं घर एकाच मालाने बांधायची सक्ती नाही. पूर्व-पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती ब्लॉकच्या आणि आतल्या भिंती विटेच्या, लाल किंवा राखेच्या, अशी रचना मला इथल्या हवेला योग्य वाटते. मे महिन्यात दिवसा पारा चाळिशीला भिडतो, पण रात्री पंचविशीपर्यंत उतरतो. रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की आतल्या जड भिंती गार होतात, आणि सकाळी खिडक्या लावून घेतल्यावर तो गारवा दुपारपर्यंत पुरतो. हलक्या ब्लॉकमध्ये असा साठा फार होत नाही. पश्चिमेला बाहेरून पांढरा किंवा फिकट रंग दिला, तर उन्हाचं ओझं गडद रंगाच्या निम्म्यावर येतं, आणि हा उपाय जुन्या विटेच्या घरालाही लागू आहे. एकमजली घरात मात्र आधी स्लॅबवरच्या उष्णतारोधक थराला पैसे राखून ठेवावेत, कारण तिथे दिवसभर ऊन सरळ पडतं आणि भिंतीचा ब्लॉक तिथे काही करू शकत नाही.