दिवे गेल्यावरही जिवंत राहणारी तार

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातले विजेचे हजारो खांब आडवे झाले. कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी भाड्याचे जनरेटर दारोदार फिरतात. पाण्याची टाकी भरायची असते, मोबाइल चार्ज करायचे असतात. घाईत कुणीतरी दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर बनवतो आणि जनरेटरची वीज थेट भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये सोडतो. मेन स्विच बंद केला की झालं, असा हिशेब असतो.

तो स्विच बंद करायचा राहिला, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी चालू केला, तर वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. ‘एवढासा जनरेटर गावाचा लोड कुठला ओढणार, लगेच बंद पडेल,’ हे नेहमीचं उत्तर. पण वादळात तार दोन खांबांपलीकडेच तुटलेली असते. त्या तुकड्यावर दुसरा लोडच नसतो, त्यामुळे 230 व्होल्ट तिथे आरामात टिकून राहतात. तार पुढे डीपीपर्यंत शाबूत असेल तर धोका आणखी वाढतो. 11 हजार व्होल्टचे 433 करणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनेही तसाच चालतो. त्याचं गुणोत्तर सुमारे 44 पट असतं, म्हणजे एका फेजवर 230 व्होल्ट मिळाले तर वरच्या बाजूला दहा हजारांच्या आसपास तयार होऊ शकतात. लाईन बंद करून, परमिट घेऊन वर चढलेल्या वायरमनला याची काहीच कल्पना नसते. कामाच्या जागी तारा एकमेकींना जोडून अर्थ करायच्या, हा नियम त्याच्यासाठी म्हणूनच आहे. पण घरमालकाने सगळी भिस्त त्याच्यावर टाकणं अन्याय्य आहे.

यावरचा खरा उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याच्या दांडीला तीन जागा असतात: I म्हणजे महावितरणची वीज, II म्हणजे जनरेटर आणि मधे 0. आधीचा संपर्क सुटल्याशिवाय दुसरा जुळूच शकत नाही, अशी आतली यांत्रिक रचना असते. शेजारी शेजारी बसवलेल्या दोन सुट्या एमसीबींना हे जमत नाही, कारण त्या दोन्ही एकाच वेळी चालू करता येतात.

सिंगल फेज घराला टू-पोल चेंजओव्हर लागतो, थ्री फेजला फोर-पोल. फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. पैसे वाचवण्यासाठी न्यूट्रल थेट ठेवला, आणि जनरेटरची टोकं उलटी लागली किंवा घरात कुठे अर्थ फॉल्ट झाला, तर खांबावरच्या तुटलेल्या न्यूट्रलवर वीज येऊ शकते. क्षमतेतही चूक होते. 2 केव्हीएचा जनरेटर जेमतेम 9 अँपिअर देतो, म्हणून लहान स्विच घेतला जातो. पण एरवी वर्षभर त्याच स्विचमधून घराचा सगळा लोड जाणार असतो. 5 किलोवॉटला साधारण 22 अँपिअर होतात, तेव्हा 32 अँपिअरचा स्विच हवा. दांडीजवळ गरम लागत असेल किंवा प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर संपर्क जळू लागलेत.

आता इन्व्हर्टर. त्याची जागा चेंजओव्हरच्या नंतर. मीटर, मेन स्विच, चेंजओव्हर, मग घराचा बोर्ड आणि त्यातून इन्व्हर्टरचा इनपुट, असा क्रम ठेवला की जनरेटरवरही बॅटरी चार्ज होते. वीज गेल्यावर मुख्य लाईन तोडणारा रिले इन्व्हर्टरच्या आतच असतो, पण जोडणी चुकली तर तो निरुपयोगी ठरतो. इन्व्हर्टरवरच्या पंख्या-दिव्यांची फेज वायर वेगळी असायला हवी. एखाद्या बोर्डात ती साध्या फेजला जोडली गेली की इन्व्हर्टरची वीज मागच्या दाराने चेंजओव्हरमधून रस्त्यावर जाते, आणि दिवे आले की इन्व्हर्टर जळू शकतो. हे घरच्या घरी तपासता येतं. मेन स्विच बंद करा, इन्व्हर्टर चालू ठेवा आणि इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटला, समजा फ्रिजच्या, एक टेबललॅम्प लावा. तो पेटला तर फेज मिसळलेत. इन्व्हर्टर बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवा.

जनरेटर चालू करताना दांडी 0 वर ठेवावी, इंजिन दोन मिनिटं स्थिर होऊ द्यावं, मग II. घर II वर असताना रस्त्यावरची वीज परत आल्याचं आत कळत नाही, म्हणून चेंजओव्हरच्या आधी, मेन स्विचनंतर, फेज आणि न्यूट्रलच्या मधे एक छोटा इंडिकेटर बसवून घ्यावा आणि मेन स्विच चालू ठेवावा. तो लागला की दांडी 0 वर, क्षणभर थांबून I वर, आणि जनरेटर थोडा वेळ बिनलोड चालवून मग बंद.