पाणी घट्ट करून द्यावं लागतं तेव्हा

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या आजोबांना पोळीचा घास गिळता येईल का, याची घरच्यांना काळजी असते. पण अनेकदा जास्त धोका असतो तो साध्या पाण्याचा. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासनलिकेचं तोंड क्षणभर बंद होतं. मेंदूला इजा झाली की ही हालचाल उशिरा सुरू होऊ शकते. पाणी तेवढं थांबत नाही, ते थेट श्वासनलिकेत शिरतं आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना तर ठसकाही लागत नाही. प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं किंवा वारंवार ताप येणं एवढीच खूण दिसते.

पाणी घट्ट केलं की ते सावकाश उतरतं आणि गिळण्याच्या हालचालीला वेळ मिळतो. मात्र ते किती घट्ट हवं, हे अंदाजाने ठरवायचं नसतं. समजा, स्पीच थेरपिस्टने ७२ वर्षांच्या आजोबांना तपासून ‘आयडीडीएसआय’ या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरची दुसरी पातळी सांगितली. पाण्यात घट्ट करणारी पावडर ढवळून पाकिटावर दिलेला वेळ थांबायचं. मग १० मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज घ्यायची. तिच्यावरची ० ते १० ही पट्टी ६१.५ मिलिमीटर लांब हवी. टोक बोटाने बंद करून ती १०च्या खुणेपर्यंत भरायची, बोट काढायचं आणि १० सेकंदांनी पुन्हा लावायचं. आत ४ ते ८ मिलिलिटर उरलं, तर दुसरी पातळी जमली. कमी उरलं, तर पाणी अजून पातळ आहे.

जास्त उरलं तर तेही चालत नाही. फार घट्ट पदार्थ अशक्त घशात चिकटून राहतो आणि नंतर श्वासाबरोबर आत जाऊ शकतो.

जेवणात फसवा पदार्थ म्हणजे पातळ वरण आणि मोकळा भात. वरण आधी घशात उतरतं, शितं तोंडातच राहतात. पाचवी पातळी सांगितली असेल, तर मऊ खिचडी चांगली घोटायची. कण ४ मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत, बाजूला पाणी सुटायला नको. चमचा कलता केल्यावर घास चिकटून न बसता अख्खा खाली पडायला हवा. स्टार्चची पावडर वापरली असेल, तर उष्टा चमचा वाटीत बुडवू नये; लाळेमुळे पदार्थ पातळ होतो.

भरवताना आजोबांना ताठ बसवायचं आणि जेवणानंतरही अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. दात, जीभ आणि कवळी रोज स्वच्छ करायची. लाळ घशातून चुकून आत गेलीच, तर तिच्याबरोबर जाणारे जंतू त्यामुळे कमी होतात.

घट्ट पाणी बेचव लागतं, म्हणून माणसं कमी पितात. लघवी गडद किंवा कमी झाली, तर डॉक्टरांना कळवायचं. झटक्यानंतरच्या आठवड्यांत अनेकांचं गिळणं सुधारतं. म्हणून पुन्हा तपासणी करून घ्यायची. साधं पाणी कधी सुरू करायचं, ते तीच ठरवते.