उंबरठा ओलांडून काय गेले?

तालुक्याच्या गावात बसस्थानकासमोर दोघा भावांचे रंग आणि हार्डवेअरचे दुकान होते. नफ्यातला वाटा थोरल्याला तीन हिस्से, धाकट्याला दोन. पेठेतल्या एका मोठ्या पेढीने हे दुकान ताब्यात घ्यायचे आणि दोघा भावांना आपल्यात भागीदार करून घ्यायचे ठरले. बोलणी झाली, चहा झाला आणि किमतीवर गाडी अडली. थोरल्यांचे म्हणणे सरळ होते, “ताळेबंदात आमचं भांडवल दहा लाख दिसतंय. मग किंमत दहा लाख. त्यात मोजायचं काय?”

हा हिशेब सोपा वाटतो आणि तिथेच चुकतो. (आकडे मी इथे गोल केले आहेत, व्यवहाराचा सांगाडा तोच आहे.) भावांच्या ताळेबंदात फर्निचर दीड लाखाचे, टेम्पो तीन लाखांचा, माल सहा लाखांचा, गिऱ्हाइकांकडची उधारी चार लाख आणि बँकेत पन्नास हजार, असे एकूण पंधरा लाख होते. दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्यांचे देणे साडेतीन लाख, बँकेचे कर्ज दीड लाख आणि उरलेले दहा लाख भांडवल, म्हणजे थोरल्याचे सहा आणि धाकट्याचे चार. दहा लाख हा आकडा या सगळ्या वस्तू आणि सगळी देणी धरून आलेला आहे. पण घेणारी पेढी सगळे घेत नव्हती. बँकेतली शिल्लक आणि बँकेचे कर्ज भावांकडेच राहणार होते. खरेदीचा मोबदला ठरवताना उंबरठा ओलांडून जे पलीकडे जाते तेवढेच मोजायचे, आणि तेही पलीकडच्याने मान्य केलेल्या किमतीला.

ती किंमत ठरवायला आम्ही दोन दिवस दुकानात बसलो. वरच्या फळीवरचे डबे खाली काढले, तेव्हा काही डब्यांतला रंग दगडासारखा घट्ट झालेला निघाला. वहीत तो अजून पूर्ण खरेदीभावाने उभा होता. मालातले पन्नास हजार तिथेच गेले. फर्निचर एक लाख वीस हजारांना आणि टेम्पो दोन लाख ऐंशी हजारांना ठरला. चार लाखांच्या उधारीतले वीस हजार येणार नाहीत, हे दोन्ही बाजूंनी कबूल केले. म्हणजे पलीकडे जाणारी मालमत्ता तेरा लाख तीस हजारांची झाली. त्यातून व्यापाऱ्यांचे साडेतीन लाखांचे देणे वजा केले, कारण ते फेडण्याची जबाबदारी घेणाऱ्या पेढीने उचलली होती. उरले नऊ लाख ऐंशी हजार.

दुकान वीस वर्षे एकाच जागी होते आणि गवंडी, सुतार ठरलेले येत होते. त्या ख्यातीचे, म्हणजे बाजारात ज्याला गुडविल म्हणतात त्याचे, एक लाख सत्तर हजार ठरले. मोबदला झाला साडेअकरा लाख. काही वेळा गाडी उलटी धावते. आधी ठोक रक्कम ठरते आणि मग ती निव्वळ मालमत्तेशी ताडून पाहतात. जास्तीची रक्कम ख्याती म्हणून नोंदवायची. इथे ठोक नऊ लाखच ठरले असते, तर ऐंशी हजार कमी पडले असते आणि ते घेणाऱ्या पेढीच्या वहीत भांडवली राखीव म्हणून जमेला गेले असते. नफा म्हणून ते वाटून घ्यायची घाई करू नये.

आता घेणाऱ्या पेढीच्या किर्दीतली पहिली नोंद पाहू.

फर्निचर खाते नावे 1,20,000
टेम्पो खाते नावे 2,80,000
माल खाते नावे 5,50,000
ऋणको खाते नावे 4,00,000
ख्याती खाते नावे 1,70,000
धनको खाते जमा 3,50,000
संशयित व बुडीत कर्ज निधी जमा 20,000
जुनी पेढी खाते जमा 11,50,000

नावेची बेरीज पंधरा लाख वीस हजार आणि जमेचीही तेवढीच. वाचकांना एक गोष्ट खटकेल. उधारी तीन लाख ऐंशी हजारांची धरली असताना नावे चार लाख कसे? कारण उधारीची वही गिऱ्हाइकाच्या नावाने चालते. कोण बुडवणार हे आज माहीत नसते, म्हणून कोणाच्याही खात्यातून आत्ताच रक्कम कापता येत नाही. प्रत्येकाकडून येणे पूर्ण दाखवायचे आणि बुडण्याची भीती निधीत वेगळी ठेवायची. इथे सरळ 3,80,000 लिहिले, तर खतावणीतल्या गिऱ्हाइकांच्या बाकीची बेरीज पहिल्या दिवसापासून जुळत नाही.

दुसरी नोंद मोबदला चुकता करण्याची. जुनी पेढी खाते 11,50,000 नावे. बँक खाते 2,50,000 जमा. थोरल्यांचे भांडवल 5,40,000 आणि धाकट्यांचे 3,60,000 जमा. जुन्या पेढीचे खाते शून्यावर आले की समजावे, नोंदी बसल्या. अडीच लाख रोख का मागितले, याचे उत्तर जुन्या वहीत आहे. बँकेचे दीड लाखाचे कर्ज भावांच्या गळ्यात होते आणि हाताशी होते पन्नास हजार. सगळा मोबदला नव्या पेढीतल्या भांडवलाच्या रूपात घेतला असता, तर कर्ज फेडायला घरातून पैसे आणावे लागले असते.

जुनी वही मिटवताना वसुली खाते उघडले. साडेचौदा लाखांची मालमत्ता वहीतल्या किमतीने नावे, साडेतीन लाखांचे देणे आणि साडेअकरा लाखांचा मोबदला जमा. नफा पन्नास हजार, थोरल्यांना तीस, धाकट्यांना वीस. कर्ज फेडून बँकेत उरलेले दीड लाख नव्वद आणि साठ हजारांनी वाटले. नव्या पेढीतले भांडवल आणि ही रोख मिळून दोघांची खाती बंद झाली, पै राहिली नाही.

एक बारीक काटा मात्र शेवटी सापडला. चार लाखांच्या उधारीत तीस हजार खुद्द घेणाऱ्या पेढीकडूनच येणे होते. तिने कधीतरी या दुकानातून माल उचलला होता. आता स्वतःच स्वतःची देणेकरी! अशा वेळी धनको खाते नावे, ऋणको खाते जमा करून तीस हजार दोन्हीकडून काढायचे. मोबदल्याला धक्का लागत नाही.

वहीला जमते ते कायद्याला मान्य असतेच असे नाही. देणी पलीकडे गेली, अशी नोंद आपण केली म्हणून मुंबईचा व्यापारी भावांना सोडत नाही. त्याची संमती लागते. ती लेखी घ्या. पेढी नोंदणीकृत असेल, तर विसर्जनाची सूचना फर्म निबंधकांकडे द्यावी लागते आणि राजपत्रात व जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतल्या वृत्तपत्रात छापावी लागते. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 मधले 72 वे कलम तसे सांगते. ही सूचना प्रसिद्ध होईपर्यंत जुन्या पेढीच्या नावाने कोणा भागीदाराने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी बाहेरच्या माणसापुढे सर्व भागीदारांवर राहू शकते. त्या सूचनेचे कात्रण वहीइतकेच जपून ठेवा.