कंबरेपाशी कापलेला फोटो बॅकग्राउंडमध्ये कसा विरवायचा

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेबांचा हात जोडलेला फोटो असतो. तो कंबरेपर्यंतच काढलेला असतो, त्यामुळे खाली सरळ रेघेत संपतो. ही रेघ झाकायला बरेच जण तिथे पट्टी टाकतात किंवा नावाचा मजकूर चढवतात. पट्टी नको असेल, तर फोटो खाली हळूहळू पारदर्शक करत न्यायचा. फोटोशॉपमध्ये ते लेअर मास्क आणि ग्रेडियंटने होतं आणि मूळ फोटोचा एक पिक्सेलही पुसावा लागत नाही.

मास्क काय करतो

मास्क म्हणजे त्या लेअरला जोडलेलं काळं-पांढरं चित्र. त्यात जिथे पांढरं तिथे फोटो पूर्ण दिसतो, काळं तिथे दिसत नाही आणि करडं तिथे अर्धवट. म्हणून पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारा ग्रेडियंट मास्कवर ओढला, की फोटो तेवढ्या अंतरात विरतो. फेदर इथे कामाचा नाही, कारण तो डोकं-खांद्यांची कडही तितकीच मऊ करून टाकतो.

आधी ग्रुप, मग मास्क

साहेबांच्या मागची भिंत काढताना त्या लेअरवर बहुधा आधीच एक मास्क लागलेला असतो. त्याच मास्कवर नेहमीच्या पद्धतीने ग्रेडियंट ओढला, तर कटआउटची सगळी मेहनत पुसली जाते आणि मागची भिंत परत दिसू लागते. उपाय सोपा आहे. लेअर निवडून Ctrl+G दाबा, म्हणजे तो ग्रुपमध्ये जाईल, आणि नवा मास्क त्या ग्रुपला लावा. कटआउट आतल्या मास्कवर राहील, विरणं बाहेरच्या. नंतर गिऱ्हाईकाने दुसरा फोटो पाठवला (आणि तो पाठवतोच), तरी बाहेरचा मास्क तसाच वापरता येतो.

कुठून कुठे ओढायचं

समजा फोटो 2400 पिक्सेल उंच आहे आणि जोडलेल्या हातांचे कोपर खालच्या कडेपासून 650 पिक्सेल वर आहेत. ग्रुपचा मास्क निवडलेला ठेवून D दाबा. पुढचा रंग पांढरा, मागचा काळा होईल. ग्रेडियंट टूलमध्ये पुढच्या रंगाकडून मागच्या रंगाकडे जाणारा प्रकार आणि सरळ, म्हणजे लिनिअर, आकार घ्या. Shift दाबून कोपरांच्या जरा खालून ओढायला सुरुवात करा आणि कडेच्या साधारण 40 पिक्सेल आधी माउस सोडा.

ते 40 पिक्सेल महत्त्वाचे आहेत. सोडलेल्या जागेनंतर मास्क पूर्ण काळा असतो. माउस कडेच्या खाली नेऊन सोडला, तर कडेपाशी मास्क करडाच राहतो, फोटो थोडासा शिल्लक असतो आणि जी रेघ घालवायची तीच फिकट होऊन उरते. स्क्रीनवर ती सहसा नजरेत येत नाही, दहा फुटी फ्लेक्सवर मात्र येते. तपासायला खाली तात्पुरता भडक हिरवा लेअर टाका, रेघ असेल तर लगेच उठून दिसेल.

अंतर पसंत पडलं नाही तर पुन्हा ओढा. नव्या ओढीने जुना ग्रेडियंट बदलला जातो, त्यामुळे आधी काही पुसायची गरज नाही. कोपरांवरूनच विरणं सुरू झालं, तर हात अर्धवट जळाल्यासारखे दिसतात. फोटो इतका तोकडा असेल की त्याला इलाजच नाही, तर मऊ ब्रश पांढऱ्या रंगात, 20–30 टक्के ओपॅसिटीवर घेऊन कोपरांपुरता मास्क परत उजळवा.

पांढरा सदरा, गडद बॅकग्राउंड

इथे खरी कसरत असते. मरून किंवा गडद निळ्यावर पांढरा सदरा अर्धा पारदर्शक झाला, तरी चांगलाच उजळ दिसतो. मग तो धुरकट ढगासारखा खालपर्यंत लोंबत राहतो. मास्क निवडून Ctrl+L दाबा आणि लेव्हल्समधला मधला करडा स्लायडर उजवीकडे सरकवा. मधल्या छटा गडद होतात, सदरा लवकर विरतो आणि दोन्ही टोकं होती तिथेच राहतात.

पट्टे दिसले तर

आठ-बिट फाइलमध्ये मास्कला 256 छटा मिळतात. सहाशे पिक्सेलच्या अंतरात दर दोन-अडीच पिक्सेलला एक पायरी येते, ती डोळ्याला जाणवत नाही. पण तयार फाइल नंतर पाचपट ताणली, तर तीच पायरी बारा पिक्सेलची होते आणि एकसारख्या रंगावर आडवे पट्टे दिसू शकतात. म्हणून फाइल आधी अखेरच्या मापाची करा आणि मगच ग्रेडियंट ओढा. ऑप्शन बारमधला Dither चालू ठेवा. तरी पट्टे उरलेच, तर मास्कवर एक-दोन टक्के नॉइज द्या.

फाइल देताना

बॅकग्राउंडसकट तयार फ्लेक्स जेपीईजीत दिला तरी चालतो. पण विरवलेला फोटो एकटाच कोरलमध्ये न्यायचा असेल, तर पीएनजी करा. जेपीईजीत पारदर्शकता टिकत नाही. फोटो विरलेला दिसेल, पण पांढऱ्या चौकोनात.