रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे

परदेशातला दिवाळीचा फराळ हल्ली आधी फोनवर दिसतो आणि मग ताटात येतो. चकलीचा फोटो, त्याखाली चार ओळी: काय आहे, किती ग्रॅम, किती पौंड, आत काय घातलंय. या चार ओळींना आपण सरळ ‘कॅप्शन’ म्हणतो. त्या वाचून कुणी ऑर्डर देतं, आणि ज्या घरात मुलाला तिळाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे तिथली आई त्यांच्याच भरवशावर मुलाच्या हातात चकली ठेवते. म्हणून त्या लिहिण्याचं काम दिसतं तितकं किरकोळ नाही.

इथे लेस्टरमध्ये आमच्या ओळखीच्या एक काकू घरून फराळ करून देतात. रीतसर करतात, इंग्लंडमध्ये घरून खाद्यपदार्थ विकायचे तर निदान २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, ती त्यांनी केली आहे. नऊ पदार्थ आणि दिवाळीआधी प्रत्येकाच्या तीन पोस्ट, म्हणजे सत्तावीस कॅप्शन. हाताने लिहायचं म्हटलं की माणूस मागचीच कॅप्शन उचलून नाव बदलतो, आणि करंजीखाली चिवड्याची किंमत तशीच राहून जाते. मी पूर्वी शाळेत मराठी शिकवायचे, आता घरी असते. तेव्हा काकूंनी हे काम माझ्याकडे दिलं.

आम्ही गूगल शीटवर एक तक्ता केला. एका ओळीत एक पदार्थ आणि प्रत्येक रकान्यात त्याची एकच माहिती. त्या रकान्यांतून कॅप्शनचा कच्चा मसुदा सूत्राने आपोआप तयार होतो.

पहिली अडचण आली ती व्याकरणाची. इंग्रजीत ‘फ्रेश’ हा शब्द कुठल्याही पदार्थापुढे ठेवला तरी चालतो. मराठीत चिवडा ताजा, चकली ताजी, लाडू ताजे आणि करंज्या ताज्या. पुढे ‘चं पाकीट’ जोडायचं तर नावाचं सामान्यरूप होतं: चिवड्याचं, करंज्यांचं, अनारशांचं. यंत्राला हे कळत नाही. ते बिनदिक्कत ‘ताजा करंज्या’ आणि ‘अनारसेचं पाकीट’ लिहून मोकळं होतं. सूत्राला व्याकरण शिकवण्याच्या फंदात मी पडले नाही. विशेषणाचं रूप आणि ‘चं’ लागलेलं रूप अशी दोन्ही रूपं मी वेगळ्या रकान्यांत हाताने लिहून ठेवली. नऊ पदार्थांसाठी अठरा शब्द, एकदाच लिहायचे. बाकीचं वाक्य असं निवडलं की लिंग-वचन बदललं तरी ते बदलू नये. म्हणून ‘झाला, झाली, झाल्या’ टाळून ‘तयार’ घेतलं.

सूत्र असं आहे. A मध्ये नाव, B मध्ये विशेषण, C मध्ये ‘चं’ लागलेलं रूप, D मध्ये वजन, E मध्ये किंमत आणि F मध्ये ॲलर्जीचे घटक:

```
=IF(F2="","थांबा: घटक भरलेले नाहीत",
B2&" "&A2&" तयार! "&C2&" "&D2&" ग्रॅमचं पाकीट £"&
TEXT(E2,"0.00")&". यातले ॲलर्जीचे घटक: "&F2&".")
```

चिवड्याच्या ओळीतून हा मसुदा आला:

```
ताजा चिवडा तयार! चिवड्याचं 400 ग्रॅमचं पाकीट £6.50. यातले ॲलर्जीचे घटक: शेंगदाणे, काजू, मोहरी.
```

सूत्रातला `TEXT` किमतीसाठी आहे. तो नसेल तर साडेसहा पौंड कॅप्शनमध्ये `£6.5` असे उमटतात.

सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र सुरुवातीचा `IF` आहे. घटकांचा रकाना रिकामा असण्याचे दोन अर्थ होऊ शकतात: या पदार्थात ॲलर्जीचं काही नाही, किंवा अजून कुणी पाहिलंच नाही. सूत्राला दोन्ही सारखेच. वाचणाऱ्या आईच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून आमचा नियम असा, की रिकामा रकाना दिसला की मसुदा बनतच नाही, तिथे ‘थांबा’ उमटतं. खरोखरच काही नसेल तर काकूंनी स्वतः ‘१४ पैकी काही नाही’ असं लिहायचं. नुसतं सोडून दिलेलं आणि पाहून लिहिलेलं यांतला फरक त्यामुळे तक्त्यातच दिसतो. सूत्र नीट चालतंय का, हे पाहायला दर मोसमाच्या सुरुवातीला मी एका ओळीचा हा रकाना मुद्दाम पुसते. ‘थांबा’ आलं की परत भरते.

१४ हा आकडा इथल्या कायद्यातला आहे. ब्रिटनमध्ये ॲलर्जीचे १४ घटक सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. आपल्या फराळात त्यांतले बरेच येतात: मैदा-रव्यातला गहू, तुपातलं दूध, शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ आणि फोडणीतली मोहरी. फोनवरून किंवा इंटरनेटवरून विक्री असेल तर ही माहिती खरेदी पूर्ण होण्याआधी मिळायला हवी, आणि माल हातात पडताना पुन्हा मिळायला हवी. मंडळाच्या मेळाव्यात आधीच बांधून ठेवलेली पाकिटं टेबलावर मांडून विकायची असतील, तर १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांवर घटकांची पूर्ण यादी लागते. नताशा एडनान-लापरूझ या मुलीचा २०१६ मध्ये तिळाच्या ॲलर्जीने मृत्यू झाला, त्यानंतर हा नियम आला. तिने खाल्लेल्या पावात तीळ होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता.

आता तपासणीकडे येते. मसुदा तयार झाला की तो वेळापत्रकात घालण्याआधी माणसाने वाचायचा, एवढं सगळेच म्हणतात. पण कशाशी ताडून वाचायचा? कॅप्शन तक्त्याशी ताडली तर ती जुळणारच, कारण ती त्यातूनच निघाली आहे. तक्त्यात चूक असेल तर ती कॅप्शनमध्ये गुळगुळीत वाक्य होऊन येते आणि उलट जास्तच खरी वाटते. म्हणून आम्ही तपासणीला काकूंच्या स्वयंपाकघरात बसतो. मी मसुदा मोठ्याने वाचते आणि काकू त्या पदार्थाला लागलेली एकेक पुडी, डबा, बाटली ओट्यावर मांडतात. वाचायची त्यांवरची बारीक अक्षरं.

पहिल्याच वर्षी वरची चिवड्याची कॅप्शन अशी वाचली. शेंगदाणे, काजू, मोहरी, तिन्ही बरोबर. मग काकूंनी हिंगाची डबी पुढे केली.

“अगं, हिंगात काय बघायचंय? हिंग तो हिंग.”

“काकू, तुम्ही वाचा तर खरं.”

डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं. आपण वापरतो तो बहुतेक हिंग शुद्ध नसतो. तो अतिशय उग्र असल्यामुळे त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. पोह्यांचा चिवडा, त्यात गहू कुठून येणार, असं आपण सहज म्हणतो, आणि तो फोडणीतून आलेला असतो. पाठोपाठ बेदाण्यांची पुडी निघाली. त्यांचा सोनेरी रंग टिकवायला सल्फर डायऑक्साइड वापरलेला होता, आणि तोही ठरावीक प्रमाणापलीकडे असेल तर १४ च्या यादीत येतो. काकूंनी F रकाना दुरुस्त केला, आणि कॅप्शन आपोआप बदलली: शेंगदाणे, काजू, मोहरी, गहू, सल्फाइट. तीनाचे पाच झाले. यांतले वाढलेले दोन घटक कुठल्याही सूत्राला सापडले नसते, कारण ते तक्त्यात नव्हतेच.

त्याच दिवशी आणखी एक नियम ठरला. आमचं सूत्र ‘यात हे आहे’ एवढंच लिहितं, ‘यात हे नाही’ असं कधीच लिहीत नाही. भाजणीची चकली तांदूळ आणि डाळींची, म्हणून ‘ग्लुटेनमुक्त’ लिहू या, असा मोह होतो. पण इथे तो शब्द वापरायचा तर पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. ज्या ओट्यावर सकाळी करंज्यांचा मैदा उडाला, तिथे संध्याकाळी केलेल्या चकलीबद्दल अशी हमी कोण देणार? कुणी विचारलंच तर काकू फोनवर सगळं सांगतात, मैद्याचंसुद्धा.

वाचून झालं की काकू शेवटच्या रकान्यात आपल्या नावाचं आद्याक्षर आणि तारीख घालतात. ती खूण नसलेली ओळ मी मेटा बिझनेस सूटमध्ये चढवत नाही. तिथे दिवस आणि वेळ नेमली की पोस्ट आपली आपण फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाते.

शेवटची खाचखळग्याची जागा इथेच आहे. शीटमधलं सूत्र जिवंत असतं, किंमत बदलली की मसुदा बदलतो. पण एकदा वेळापत्रकात घातलेली कॅप्शन म्हणजे पेटीत टाकलेलं पत्र. शीटमध्ये काहीही बदला, त्या पत्रातला मजकूर तसाच राहतो. गेल्या मोसमात काकूंनी तांदळाच्या पिठाचा हिंग आणला होता, म्हणून चकलीच्या घटकांत गहू नव्हता. तीन पोस्ट तपासून रांगेत लागल्या. दोन गेल्या, आणि मग दुकानातला तो हिंग संपला व नेहमीची डबी घरात आली. काकूंनी F मध्ये ‘गहू’ घातला. शीटमधली कॅप्शन लगेच सुधारली, रांगेतली तिसरी मात्र जुनीच होती.

ती पकडली गेली, कारण त्यासाठी आमच्याकडे साधी सोय आहे. कुठलाही रकाना बदलला की काकू त्या ओळीतली आपली खूण पुसतात. रोज रात्री मी उद्याच्या पोस्ट पाहते, आणि ज्या ओळीवर खूण नाही तिची पोस्ट रांगेतून काढते. चकलीची काढली, नव्या डबीशी ताडून पुन्हा वाचली आणि परत लावली. आधी गेलेल्या दोन पोस्टमधला मजकूर दुरुस्त केला, आणि चकली मागवलेल्या प्रत्येकाला माल हातात देण्याआधी काकूंनी फोन केला. त्यांतल्या एका घराने चकलीऐवजी अनारसे घेतले.

वेळेचा हिशेब सांगायचा तर सत्तावीस मसुदे बनायला क्षणभर पुरतो आणि ओट्याशी बसून नऊ पदार्थ वाचायला दीड तास जातो. सूत्र हातात आल्यावर काकूंच्या मुलाने विचारलं, मग हा दीड तासही वाचवता येईल का? काकू म्हणाल्या, “टायपिंगचा वेळ वाचला ना, तोच इथे लावलाय.”