अपलोडनंतरचे दोन दिवस

यूट्यूबवर व्हिडिओ टाकला की बहुतेकांचा हात सारखा स्टुडिओ अ‍ॅपकडे जातो. तिथे रिअलटाइमचा चौकोन असतो. त्यात गेल्या ४८ तासांतले आणि गेल्या ६० मिनिटांतले व्ह्यूज उभ्या पट्ट्यांत दिसतात. पट्ट्या खाली आल्या की व्हिडिओ पडला असं वाटतं. खरं तर रात्री दोन वाजता त्या खाली येणारच, कारण प्रेक्षक झोपलेले असतात. शिवाय हे आकडे अंदाजी असतात, नंतरच्या छाननीत ते थोडे खालीवर होतात.

शेजारचा क्रमांकही असाच जिवाला घोर लावतो. ‘१० पैकी ८’ म्हणजे तुमच्या आधीच्या व्हिडिओंनी प्रसिद्ध झाल्यानंतर तेवढ्याच वेळात जे केलं, त्याच्याशी तुलना. त्या दहांत एखादा दिवाळीचा चकलीचा व्हिडिओ असेल, तर साध्या भरल्या वांग्याचा क्रमांक मागे जाणारच. दोन-चार सबस्क्रायबर कमी झाले, यालाही काही अर्थ नाही.

पहिल्या तासात पाहायचं ते वेगळंच. व्हिडिओ स्वतः फोनवर लावून पाहा. आवाज फुटतोय का, चुकीची फाइल चढली आहे का, कॉपीराइटचा दावा आलाय का? एचडी आवृत्ती तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीला चित्र धूसर दिसलं तर घाबरू नये. पण ‘आवाज येत नाही’ अशी तक्रार दोघांनी केली, तर ती लगेच तपासावी. या दोन दिवसांत खरी घाई करावी, अशी गोष्ट बहुधा एवढीच.

आता एक कल्पित हिशेब. समजा, पुरणपोळीचा व्हिडिओ होळीच्या चार दिवस आधी टाकला. पहिल्या सहा तासांत थंबनेल १,५०० वेळा लोकांसमोर आलं आणि १२० जणांनी त्यावर बोट ठेवलं, म्हणजे ८ टक्के. दोन दिवसांनंतर थंबनेल ९,००० वेळा दिसलेलं आहे, व्ह्यूज ३६० आणि टक्केवारी ४. निम्म्यावर आली! इथे घाबरून थंबनेल बदलणारे पुष्कळ असतात. पण झालं काय ते पाहा. सुरुवातीचे १२० बहुतांशी ओळखीचे, चॅनेल आवडणारे लोक होते. मग यूट्यूबने व्हिडिओ अनोळखी लोकांच्या होम पानावर नेला. नंतरच्या ७,५०० दर्शनांतून २४० जण आले, म्हणजे ३.२ टक्के. अनोळखी माणूस कमीच थांबणार. टक्का उतरला, कारण व्हिडिओ अधिक लांब पोचला. दर्शनं वाढत असताना टक्का उतरला, तर ते सहसा वाईट नसतं. दर्शनं थांबली आणि टक्काही तुमच्या नेहमीपेक्षा खाली आहे, तेव्हा मात्र थंबनेलकडे बघावं. तुलना स्वतःच्याच जुन्या व्हिडिओंशी करा. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनेल्सचा आणि व्हिडिओंचा हा टक्का २ ते १० च्या दरम्यान असतो, म्हणजे पट्टा केवढा रुंद आहे ते बघा.

प्रेक्षक कुठून आले, हेही तपासावं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली की पन्नासएक जण उघडतात, अर्ध्या मिनिटात बंद करतात आणि खाली अंगठा पाठवतात. प्रेम खरं असतं, पण सरासरी पाहण्याचा वेळ त्याने खाली येतो. हे प्रेक्षक ‘बाह्य’ स्रोतात वेगळे दिसतात. होम आणि शोधातून आलेल्यांचा वेळ स्वतंत्र पाहिला, की खरं चित्र कळतं.

सगळ्यांत मोलाचा आलेख मात्र सगळ्यांत उशिरा येतो. प्रेक्षक कोणत्या सेकंदाला निघून गेले, हे दाखवणारा आलेख तयार व्हायला सहसा एक-दोन दिवस लागतात. आपल्या पुरणपोळीच्या व्हिडिओत तिसाव्या सेकंदाला ४५ टक्केच उरले, एरवी ६५ उरतात, असं धरू. आलेखात बाराव्या सेकंदापासून तीव्र उतार दिसतो. तिथे काय आहे? फिरता लोगो, संगीत आणि ‘सबस्क्राइब करा’. पुरण अजून शिजायलाही लागलेलं नाही. हा तुकडा स्टुडिओच्या संपादकातून कापता येतो. लिंक, व्ह्यूज आणि कमेंट्स तशाच राहतात. बदल दिसायला काही तास लागतात, आणि व्ह्यूज लाखावर गेले की हा मार्ग सगळ्यांना खुला नसतो. म्हणून लवकर कापलेलं बरं. शेवटाकडे हळूहळू उतरणारी रेष मात्र सगळ्याच व्हिडिओंत असते, तिच्या मागे लागू नये.

पाककृतीसारख्या विषयाला शोधातून येणारे प्रेक्षक पुढे कित्येक महिने मिळू शकतात, त्यामुळे दोन दिवसांतले थोडे व्ह्यूज म्हणजे निकाल नव्हे. बदल करायचाच ठरला, तर एका वेळी एकच करा: थंबनेल बदललंत, तर त्याच दिवशी शीर्षकाला हात लावू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते तुम्हाला कळणार नाही.